तेच शब्द, तरी दरवेळी वेगळी क्लिप

समजा, कोल्हापुरातल्या चप्पल लाईनीतल्या एका दुकानासाठी एआय मॉडेलकडून पाच सेकंदांची क्लिप करून घ्यायची आहे. प्रॉम्प्ट लिहिला: 'लाकडी पाटावर कोल्हापुरी चप्पल, कारागीर तिच्यावर चामड्याची वेणी बसवतोय.' पहिल्या क्लिपमध्ये कॅमेरा वरून बघतो, दुसरीत बाजूने. एकदा कारागीर म्हातारा, एकदा पोरगेलासा.

व्हिडिओ बनवणारी बहुतेक मॉडेल्स सुरुवात करतात ती निव्वळ रँडम ठिपक्यांपासून. टीव्हीवर चॅनेल नसताना दिसायच्या तशा मुंग्याच म्हणा. मॉडेल हे ठिपके टप्प्याटप्प्याने, साधारण वीस ते पन्नास पायऱ्यांत, साफ करत नेतं आणि प्रत्येक पायरीला तुमच्या शब्दांकडे झुकतं. कॅमेरा कुठे, माणूस कुठे हे पहिल्या काही पायऱ्यांतच ठरून जातं. चामड्याचा पोत, टाके नंतर येतात. सुरुवातीचे ठिपके कोणते, हे सीड नावाच्या एका आकड्यावरून ठरतं. तुम्ही तो दिला नाही, तर दरवेळी नवा निवडला जातो. कॅमेऱ्याबद्दल तुम्ही काही बोललाच नव्हता, मग ते त्या ठिपक्यांनी ठरवलं.

म्हणून एक क्लिप बिघडली की लगेच प्रॉम्प्ट बदलू नका. तोच प्रॉम्प्ट चार-पाच वेगवेगळ्या सीडवर, कमी रिझोल्यूशनमध्ये चालवा आणि क्लिप शेजारी शेजारी लावून बघा. जे दरवेळी बदलतंय, ते तुम्ही सांगितलेलं नाही: 'कॅमेरा स्थिर, बाजूने, हातांचा क्लोजअप' असं लिहा. जे प्रत्येक क्लिपमध्ये एकसारखं चुकतंय, तिथे सीड बदलून फारसा उपयोग नाही. आपल्या चपलेचं बहुधा असंच होतं. कान गायब, अंगठा साध्या सँडलसारखा, कारण मॉडेलने शिकताना असल्या चपला फार पाहिलेल्या नसतात.

मांडणी पटलेली क्लिप सापडली की तिचं सीड टिपून ठेवा, तेच पक्कं करा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी उजेड, मग हाताचा वेग. दोन्ही एकदम बदलले, तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. क्लिपची लांबी किंवा रिझोल्यूशन बदललं तर मात्र ठिपक्यांचा साचाच बदलतो आणि जुनं सीडही भलतीच क्लिप देतं, त्यामुळे चाचणीत निवडलेलं सीड मोठ्या आकारात तसंच उतरेल असं धरू नका. मॉडेलची आवृत्ती बदलली तरी तेच. काही ॲप सीड दाखवतच नाहीत. तिथे हा मार्ग बंद.

राहिला चपलेच्या कानांचा प्रश्न. तो शब्दांनी सुटणं अवघड. दुकानातल्या खऱ्या चपलेचा चांगल्या उजेडात फोटो काढा, पहिली फ्रेम म्हणून तोच द्या आणि प्रॉम्प्टमध्ये फक्त हालचाल लिहा. तरीही हात वेणीवरून फिरून बाजूला झाला की वेणीचे पेड कधी कधी वेगळेच दिसतात, कारण झाकलेला भाग मॉडेल अंदाजाने पुन्हा रंगवतं. अशा वेळी हात वेणीच्या कडेलाच राहील अशी हालचाल लिहा आणि क्लिप दोन-तीन सेकंदांवर कापा.