लॉग टेबलात लपलेलं २.३०३

गेल्या रविवारी भाची कोपरखैरण्याहून ठाण्याला आमच्याकडे आली होती, बारावी सायन्स, बॅगेत केमिस्ट्रीचं गाइड आणि कोपरे दुमडलेलं लॉग टेबल. चहा होईपर्यंत रेट ऑफ रिअॅक्शनचं एक गणित करत बसली आणि मधेच म्हणाली, "मामा, हे २.३०३ काय भानगड आहे रे? मॅथ्सला तर log x चं डेरिव्हेटिव्ह सरळ 1/x शिकवलंय, तिथे कुठे २.३०३ येत नाही." क्लासमध्ये विचारलं तर म्हणे फॉर्म्युला पाठ कर, कारण पेपरात विचारत नाहीत.

मला असल्या उत्तराचा राग येतो, कारण प्रश्न एकदम नेमका होता. गोची अशी आहे की तिच्या दोन पुस्तकांत log या एकाच नावाची दोन वेगळी माणसं राहतात. लॉग टेबलमधला log हा १० च्या बेसचा, म्हणजे १० चा कितवा घात घेतला की ही संख्या येते ते सांगणारा. मॅथ्सच्या पुस्तकातल्या डेरिव्हेटिव्हच्या धड्यात नुसतं log लिहिलं की बेस e, म्हणजे २.७१८ च्या आसपास. कॅल्क्युलेटरवर यासाठी log आणि ln अशी दोन बटणं असतात. कंप्युटरवर आणखी मजा, एक्सेलमधला LOG बेस न दिल्यास १० चा धरतो आणि पायथनमधला math.log बेस e चा.

मी म्हटलं, थिअरी राहू दे, तुझं लॉग टेबलच काढ. २० ची ओळ बघ, log 2.0 आहे ०.३०१०, खालच्या ओळीत log 2.1 आहे ०.३२२२. फरक ०.०२१२, आणि x वाढला ०.१ ने, म्हणजे वाढीचा वेग ०.२१२. आता हा वेग त्या टप्प्याच्या मधल्या x ने, २.०५ ने गुण. आलं ०.४३४६.

मग तिने ५० ची ओळ घेतली. ०.६९९० वरून ०.७०७६, वेग ०.०८६, गुणिले ५.०५. ०.४३४३. मग ९०, ०.९५४२ वरून ०.९५९०, वेग ०.०४८, गुणिले ९.०५. ०.४३४४. वेग इतका बदलतोय पण वेग गुणिले x हटायला तयार नाही, शेवटचा आकडा जरा हलतो तो मुख्यतः टेबल चारच आकडी आहे म्हणून. म्हणजे या log चं डेरिव्हेटिव्ह 1/x नाहीये, ०.४३४३ भागिले x आहे. आणि कॅल्क्युलेटरवर 1 ÷ 2.303 केलं की ०.४३४२ येतं, जास्त दशांश असलेल्या 2.302585 ने भागलं तर पक्कं ०.४३४३.

आता हा आकडा तिथे घुसला कसा? समजा log₁₀ x = p. म्हणजे 10^p = x. दोन्ही बाजूंचा ln घ्या, p · ln 10 = ln x. म्हणजे

log₁₀ x = ln x / ln 10

यालाच चेंज ऑफ बेस म्हणतात आणि यातली खरी गंमत ही की ln 10 मध्ये x नाहीच, ती नुसती एक संख्या आहे, २.३०२५८५. म्हणजे १० च्या बेसचा log हा वेगळा प्राणी नाही, तो ln चाच ग्राफ आहे, फक्त उंचीने २.३०३ पट दाबलेला. उंची दाबली की प्रत्येक ठिकाणचा चढ तेवढाच दबतो, त्यामुळे 1/x च्या जागी 1/(x · ln 10). बेस २ असेल तर ln 2 म्हणजे ०.६९३ ने भागायचं, ग्राफ उलट ताणला जातो. केमिस्ट्रीत काय झालंय, मूळ समीकरण ln मध्ये आहे, ln([A]₀/[A]) = kt, पण हातात टेबल १० च्या बेसचं, मग ln च्या जागी 2.303 × log₁₀ लिहिलं. एवढंच. निसर्गाला २.३०३ शी काही देणंघेणं नाही, आपल्याला दहा बोटं आहेत म्हणून ते आलं.

तिने लगेच विचारलं, मग 2^x चं? याचं उत्तर बरीच मुलं x · 2^(x−1) लिहितात, x³ चं 3x² होतं त्या सवयीने. पण तिथे x खाली असतो, इथे वर आहे. चूक पकडायची सोपी खूण म्हणजे x = 0 टाका, हा फॉर्म्युला चढ शून्य देतो, x = −1 ला तर चक्क उतार दाखवतो, आणि 2^x तर सतत चढणारा ग्राफ आहे!

इथे पण बेसच बदलायचा. e चा ०.६९३ वा घात २ होतो (ln 2 चा अर्थच तो), म्हणून 2^x = e^(0.693x). e^x चं डेरिव्हेटिव्ह तेच राहतं, म्हणूनच e निवडलाय, आणि वरच्या x ला ०.६९३ चिकटलेला असल्यामुळे चेन रूलने तो बाहेर येतो. उत्तर 2^x · ln 2, सगळ्या बेसना a^x · ln a. ताळा करून बघा: x = 3 ला ८ × ०.६९३१ म्हणजे ५.५४५. 2^3.01 येतं ८.०५५६, ०.०१ मध्ये ०.०५५६ वाढ, वेग साधारण ५.५६. जुळलं. चुकीच्या फॉर्म्युल्याने १२ आलं असतं.

म्हणजे log ला ln a ने भागायचं आणि घाताला ln a ने गुणायचं. हे उलटसुलट होतं बऱ्याच जणांचं. एक इशारा, हे सगळं बेस ठरलेला असेल तरच. log चा बेसच x असला, log_x 5 सारखा, तर चेंज ऑफ बेसने तो ln 5 / ln x होतो, आता छेदात x आहे म्हणून डेरिव्हेटिव्ह −ln 5 / (x (ln x)²) येतं, नेहमीचा फॉर्म्युला चालत नाही. (हे डोक्यावरून गेलं तर जाऊ दे, बारावीच्या सीईटीवाल्यांसाठी आहे.)

बाय द वे, ते ब्रोकर मेसेज पाठवतात ना, नवी मुंबईत भाव एक्स्पोनेन्शियली वाढतायत म्हणून, त्यात तसा काही दम नाही. वर्षाला एक टक्का वाढणारी गोष्ट पण एक्स्पोनेन्शियलच, तिचा बेस फक्त १.०१ आणि ln 1.01 म्हणजे ०.००९९५. किती वेगाने ते त्या ln मध्ये असतं, शब्दात नाही.

शेवटी तिच्या गाइडातलं हाफ लाइफ, 0.693/k, ते पण तोच ln 2. थायरॉइडच्या उपचारात आयोडीन-१३१ देतात, त्याचं हाफ लाइफ साधारण ८ दिवस. १०० भागांपासून सुरुवात केली तर t दिवसांनी 100 · 2^(−t/8) उरतात. ती म्हणाली आठ दिवसांत ५० गेले म्हणजे दिवसाला सव्वासहा. ती सरासरी झाली. सुरुवातीच्या क्षणाचा वेग म्हणजे १०० × ०.६९३ ÷ ८, दिवसाला ८.६६. पहिल्या पूर्ण दिवसात प्रत्यक्षात ८.३० कमी होतात, कारण दिवसभरात माल घटतो तसा वेगही घटतो. आठव्या दिवशी निम्मा माल, निम्मा वेग, ४.३३.

तिने ४.३३ बघितलं, लॉग टेबलातलं ०.४३४३ बघितलं आणि डोळे मोठे केले. नाही गं, तो निव्वळ योगायोग आहे, हाफ लाइफ आठच्या ऐवजी सहा दिवस घेतलं असतं तर ५.७८ आलं असतं.