रिटर्नमध्ये दाखवलेली वजावट सीपीसीने धरलीच नाही, तर कलम १५४ चा अर्ज कसा करायचा?

रिटर्न भरलं, परतावा नाही तर निदान शून्य येईल अशी अपेक्षा होती, आणि मेलवर आली ती ५,२०० रुपयांची डिमांड. अशा वेळी बरेच जण घाबरून लगेच पैसे भरून टाकतात. तसं करू नका, आधी इंटिमेशन उघडा. कलम १४३(१) खालच्या या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे छोट्या अक्षरांतला तुमचा पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख. आत दोन रकाने शेजारी शेजारी असतात, एकात तुम्ही रिटर्नमध्ये दिलेले आकडे आणि दुसऱ्यात सीपीसीने, म्हणजे रिटर्नवर प्रक्रिया करणाऱ्या आयकर विभागाच्या केंद्राने, धरलेले. एकेक ओळ बोटाने खाली जात तपासा. फरक जिथे सुरू होतो, तिथेच कलम १५४ खालच्या तुमच्या दुरुस्तीच्या, म्हणजे रेक्टिफिकेशनच्या, अर्जाचं कारण आहे.

एक उदाहरण घेऊ. आर्थिक वर्ष २०२३-२४, जुनी करप्रणाली, वय साठच्या आत. पगार ८,५०,०००, त्यातून प्रमाणित वजावट ५०,०००, ८० सी चे १,५०,००० आणि आरोग्य विम्याच्या हप्त्याचे ८० डी खाली २५,०००. करपात्र उत्पन्न ६,२५,०००, सेससह कर ३९,००० आणि कंपनीने कापलेला टीडीएसही तेवढाच. इंटिमेशनमध्ये ८० डी च्या ओळीत डावीकडे २५,००० आणि उजवीकडे शून्य. म्हणून उत्पन्न ६,५०,००० झालं, कर ४४,२०० आणि डिमांड ५,२००.

पुढचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: चूक कोणाची? वजावट रिटर्नमध्ये योग्य जागी, योग्य शेड्यूलसह भरलेली असेल तर चूक प्रक्रियेतली आहे. ई-फायलिंग पोर्टलवर Services, मग Rectification, मग New Request असं जाऊन करनिर्धारण वर्ष २०२४-२५ निवडा आणि Reprocess the return हा प्रकार घ्या. पण तुम्हीच रक्कम भलत्या रकान्यात टाकली असेल, तर कितीही वेळा रिप्रोसेस मागितलं तरी तेच उत्तर येईल. तिथे Return data correction लागतं, आणि त्यात फक्त चुकलेलं शेड्यूल देऊन भागत नाही, बाकीची सगळी शेड्यूलही पुन्हा भरावी लागतात. इथेच लोक घाई करतात, एखादं शेड्यूल रिकामं राहतं आणि नवीच डिमांड उभी राहते. एकदा केलेला अर्ज मागे घेता येत नाही, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत त्याच रिटर्नसाठी दुसरा करता येत नाही.

वजावट रिटर्नमध्ये मागायचीच राहिली असेल, तर हा रस्ता तुमचा नाही. त्यासाठी मुदत असेपर्यंत सुधारित रिटर्न भरायचं. कलम १५४ खाली फक्त ‘उघड दिसणारी चूक’ दुरुस्त होते, आणि ती म्हणजे दोन मतं संभवणार नाहीत अशी चूक. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये वोल्कार्ट ब्रदर्सच्या खटल्यात हेच सांगितलं आहे. तसंच मुदत उलटल्यावर रिटर्न भरलं आणि त्यामुळे नवी करप्रणाली लागू होऊन ८० सी, ८० डी गेलं, तर ती सीपीसीची चूक नव्हे.

अर्जासोबत सहसा कागद जोडावे लागत नाहीत. तरी विम्याच्या हप्त्याची पावती, बँकेतून पैसे गेल्याची नोंद, फॉर्म १६, भरलेल्या रिटर्नची प्रत आणि इंटिमेशन एका ठिकाणी ठेवा. प्रकरण करनिर्धारण अधिकाऱ्याकडे गेलं की हेच मागतात.

दुसरीकडे डिमांड तशीच उभी राहू देऊ नका. Pending Actions मधल्या Response to Outstanding Demand मध्ये Disagree with demand निवडून रेक्टिफिकेशनचा अर्ज केल्याचं नोंदवा. हे राहिलं तर ती रक्कम पुढच्या वर्षीच्या परताव्यातून वळती होऊ शकते.

मुदत भरपूर आहे: ज्या आर्थिक वर्षात आदेश निघाला, ते संपल्यापासून चार वर्षं. इंटिमेशन १८ सप्टेंबर २०२४ चं असेल, तर ३१ मार्च २०२९ पर्यंत. अर्ज आलेला महिना संपल्यापासून सहा महिन्यांत निर्णय व्हावा असं कायदा म्हणतो. आदेश आला की पुन्हा तीच ८० डी ची ओळ पाहा, नुसतं ‘प्रोसेस्ड’ वाचून समाधान मानू नका.

पण या चार वर्षांच्या भरवशावर अपील विसरू नका. इंटिमेशन मिळाल्यापासून अपिलाला फक्त ३० दिवस असतात आणि रेक्टिफिकेशन पडून आहे म्हणून ते वाढत नाहीत. १८ सप्टेंबरलाच इंटिमेशन हाती आलं असेल, तर १८ ऑक्टोबरपर्यंतच. चूक उघड आहे की वादाची, याबद्दल जराही शंका असेल तर अर्ज करूनही अपिलाचा फॉर्म ३५ त्या तारखेच्या आत भरावा, असं माझं मत आहे.