प्रतिजैविके आणि दही-ताक

प्रतिजैविकांच्या (अँटिबायोटिक) उपचाराने बिघडलेले पोट दही किंवा ताक घेतल्याने सावरते, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. ‘गोळ्यांचा कोर्स संपला, आता आठवडाभर ताक पी’ हा सल्ला घरातून मिळतो, तसाच दवाखान्यातूनही मिळतो. या सल्ल्यात दोन वेगळे दावे एकमेकांत मिसळलेले असतात. औषध चालू असताना होणारे जुलाब टळतात, हा पहिला. औषधाने मारलेले आतड्यातले उपयुक्त जिवाणू नंतर पुन्हा भरून येतात, हा दुसरा. पहिल्या दाव्याला ठरावीक जिवाणूंच्या बाबतीत बऱ्यापैकी आधार आहे. दुसऱ्याला तो जवळजवळ नाही, आणि लोकांचा विश्वास मात्र दुसऱ्यावरच अधिक आहे.

प्रतिजैविकाला रोगजंतू आणि निरुपद्रवी जिवाणू यांतला फरक कळत नाही. घशातल्या किंवा लघवीच्या मार्गातल्या संसर्गासाठी घेतलेली गोळी मोठ्या आतड्यातल्या वस्तीवरही चालून जाते. तिथले जिवाणू न पचलेले पिष्ट आणि तंतू आंबवून त्यांची मेदाम्ले बनवतात, आणि त्यांच्याबरोबर आतडे पाणी व क्षार शोषून घेते. जिवाणू घटले की हे काम मंदावते, न पचलेली साखर पाणी धरून ठेवते आणि शौचास पातळ होऊ लागते. बहुतेक जुलाब या साध्या कारणाने होतात आणि औषध थांबल्यावर आपोआप थांबतात. काही रुग्णांत मात्र मोकळ्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल हा जिवाणू वाढतो आणि विष सोडून आतड्याला सूज आणतो. हा आजार गंभीर होऊ शकतो. जुलाबाचा धोका सगळ्या प्रतिजैविकांत सारखा नसतो. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट, क्लिंडामायसिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली औषधे यांत तो जास्त असतो.

औषध चालू असताना

प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा प्रमाणात घेतल्यावर आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञगटाने 2001 मध्ये केलेली ही व्याख्या आजही थोड्या फरकाने वापरली जाते. तिच्यातला ‘लाभ’ सिद्ध झालेला असावा लागतो, आणि तो जिवाणूच्या वंशप्रकारागणिक वेगळा सिद्ध करावा लागतो. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी या नावातली शेवटची दोन अक्षरे म्हणूनच महत्त्वाची आहेत. गोरबाक आणि गोल्डिन या संशोधकांच्या आडनावांवरून ती आली आणि त्यांनी वेगळा केलेला नेमका प्रकार ती दाखवतात. त्याच जातीचा दुसरा प्रकार तसाच वागेल असे गृहीत धरता येत नाही. चांगला अभ्यास झालेला दुसरा सूक्ष्मजीव सॅकरोमायसिस बोलार्डी हा जिवाणू नसून यीस्ट आहे, त्यामुळे प्रतिजैविकाने तो मरत नाही.

मुलांवरच्या 33 चाचण्यांचा कोक्रेन संस्थेने 2019 मध्ये एकत्र आढावा घेतला. त्यांत सहा हजारांहून अधिक मुले होती. प्रोबायोटिक न घेतलेल्या दर 100 मुलांपैकी सुमारे 19 जणांना जुलाब झाले, तर घेतलेल्या 100 पैकी सुमारे 8 जणांना. रोजची मात्रा 500 कोटी जिवंत सूक्ष्मजीव किंवा त्याहून जास्त असेल तेव्हा परिणाम अधिक स्पष्ट दिसला.

हे आकडे जरा थांबून वाचावेत, कारण घराघरांतला अनुभव कुठे फसवतो ते त्यांतच दिसते. शंभर मुलांना प्रोबायोटिक दिले असे समजू. त्यांपैकी 81 मुलांना काहीही न देता जुलाब होणारच नव्हते. आठ मुलांना देऊनही झाले. खरा फायदा मधल्या अकरा मुलांचा झाला. पण जुलाब न झालेल्या 92 घरांत ‘दिले म्हणून पोट सांभाळले गेले’ असेच म्हटले जाईल. ताकाबद्दलची खात्री अशीच घडते. ज्याचे पोट मुळात बिघडणारच नव्हते, त्याचेही श्रेय ताकाच्या नावावर जमा होते. तरीही शंभरांत अकरा हा फायदा लहान नाही, हेही तितकेच खरे.

मोठ्या माणसांत चित्र इतके सरळ नाही. ब्रिटनमध्ये 65 वर्षांवरील 2,981 रुग्णांवर झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्लॅसाइड या चाचणीत प्रोबायोटिक घेणाऱ्या गटात 10.8 टक्के आणि न घेणाऱ्या गटात 10.4 टक्के रुग्णांना प्रतिजैविकांमुळे जुलाब झाले, म्हणजे फरकच पडला नाही. डिफिसिलच्या संसर्गाबाबत इतर चाचण्या एकत्र पाहिल्या तर फायदा दिसतो, पण तो मुख्यतः मुळात धोका जास्त असलेल्या रुग्णांत. रुग्णालयातल्या प्रौढांवरच्या चाचण्यांच्या 2017 सालच्या एका विश्लेषणात आणखी एक गोष्ट पुढे आली. प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसनंतर दोन दिवसांच्या आत प्रोबायोटिक सुरू केले तर उपयोग जास्त होतो, आणि पुढे प्रत्येक दिवसाच्या उशिराने तो घटत जातो. ‘कोर्स संपल्यावर’ सुरू करण्याच्या रिवाजाशी हे थेट विसंगत आहे.

दही म्हणजे प्रोबायोटिक का?

वरच्या बहुतेक चाचण्या कॅप्सूल किंवा पुडीतल्या ठरावीक सूक्ष्मजीवांच्या आहेत. दह्यावरच्या चाचण्या मोजक्या, लहान आणि परस्परविरोधी आहेत. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत आंबवलेले दुग्धपेय घेणाऱ्यांत जुलाब 12 टक्के आणि न घेणाऱ्यांत 34 टक्के आढळले. पण त्या पेयात दह्याच्या नेहमीच्या दोन जिवाणूंबरोबर निवडक लॅक्टोबॅसिलस केसीही होता, आणि रुग्णही फार निवडून घेतले होते. त्यावरून वाटीतल्या दह्याबद्दल निष्कर्ष काढता येत नाही.

कारखान्यातले योगर्ट लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस या जोडीने लागते. घरच्या विरजणात कोणते जिवाणू आहेत हे विरजण कुठून आले, दूध किती कोमट होते आणि दही किती वेळ ठेवले यावर ठरते. लॅक्टोकॉकस, ल्यूकोनोस्टॉक, वेगवेगळे लॅक्टोबॅसिलस आणि कधी यीस्टही त्यात असते. काल लावलेले दही आणि आजचे दही यांतही फरक पडतो. म्हणून ‘दह्याचा डोस’ असे काही सांगता येत नाही.

संख्येत दही तसे कमी पडत नाही. योगर्टच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे प्रत्येक ग्रॅममध्ये विरजणाचे किमान एक कोटी जिवंत जिवाणू हवेत. म्हणजे 150 ग्रॅमच्या वाटीत निदान 150 कोटी, आणि ताज्या दह्यात ते पुष्कळ जास्त असू शकतात. उणीव आहे ती जातीची. दह्याच्या या जोडीला दुधात वाढायची सवय असते. जठरातले आम्ल आणि पित्त यांतून त्यांतले थोडेच वाचतात, आणि वाचलेले आतड्यात वस्ती करत नाहीत. दही खाणे थांबवले की काही दिवसांत ते शौचातून दिसेनासे होतात. ताकाचे तर पाणी घालून दहीच पातळ केलेले असते. एका भाग दह्यात तीन भाग पाणी घातले तर पेलाभर ताकात तितक्याच दह्याच्या चौथाई जिवाणू उरतात. कढी उकळली की तेही मरतात.

दह्याच्या जिवाणूंचा एक गुण मात्र नीट सिद्ध झालेला आहे. त्यांच्यात दुधातली साखर फोडणारे विकर असते आणि ते लहान आतड्यातही काम करत राहते. जुलाबात आतड्याचे अस्तर दुखावले की आपले स्वतःचे हे विकर काही दिवस कमी पडते आणि दूध पचत नाही. अशा वेळी दही दुधापेक्षा सहज सोसते. त्यात प्रथिने मिळतात, ताकातून पाणी आणि घातलेले मीठ मिळते. आजारी माणसाला ताकाने जी हुशारी वाटते, तिचे स्पष्टीकरण आतड्यातली वस्ती भरून येण्याऐवजी इथे शोधणे जास्त योग्य ठरते.

कोर्स संपल्यावर

इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेत झालेला आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जातो. 21 निरोगी स्वयंसेवकांना सात दिवस सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मेट्रोनिडॅझोल दिले. नंतर त्यांचे तीन गट केले. एकाला काहीच दिले नाही, दुसऱ्याला 11 प्रकारांचे जिवाणू असलेले प्रोबायोटिक चार आठवडे दिले, आणि तिसऱ्याला औषधापूर्वी साठवून ठेवलेले त्यांचेच मल-जिवाणू परत दिले. संशोधकांनी शौचाबरोबरच दुर्बिणीने थेट आतड्याच्या अस्तरावरचे नमुनेही घेतले.

तिसऱ्या गटाची मूळ वस्ती काही दिवसांत परतली. काहीच न घेतलेल्यांची सुमारे तीन आठवड्यांत बरीचशी सावरली. प्रोबायोटिक घेणारे मात्र सर्वांत मागे राहिले, आणि पाच महिन्यांनीही त्यांची मूळ वस्ती पूर्ण परतली नव्हती. बाहेरून आलेल्या जिवाणूंनी रिकामी जागा धरली आणि मूळच्यांना परतायला अडथळा केला, असा त्याचा अर्थ लावला गेला. प्रयोग लहान होता, त्यात जुलाब मोजायचे नव्हते आणि दहीही नव्हते. त्यामुळे दह्याने नुकसान होते असे त्यावरून म्हणता येत नाही. पण ‘भरून काढण्यासाठी’ महिनाभर महागडी कॅप्सूल घेण्याचा आधार त्याने पुरता डळमळीत केला.

वेळ आणि धोका

दह्यातले कॅल्शियम काही प्रतिजैविकांना आतड्यातच बांधून ठेवते. सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी दह्याबरोबर घेतली तर रक्तात पोहोचणारे औषध सुमारे एक तृतीयांशाने घटते. टेट्रासायक्लिनचेही असेच होते. समजा सिप्रोफ्लॉक्सासिन सकाळी आठ आणि रात्री आठ वाजता घ्यायचे आहे. सकाळची गोळी ताकाबरोबर गिळली तर पोट सांभाळण्याच्या नादात औषधच अर्धवट पोहोचते. दही दुपारी दोनला खाल्ले तर आधीच्या गोळीला सहा तास झालेले असतात आणि पुढच्या गोळीला सहा तास असतात, त्यामुळे अडचण येत नाही. अमॉक्सिसिलिनला असे पथ्य नाही.

जुलाब पाण्यासारखे, दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा, पोटात कळा, ताप किंवा रक्तासह होत असतील तर ताकावर वाट पाहू नये. डिफिसिलचा आजार कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीही सुरू होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना मागे घेतलेल्या प्रतिजैविकाचे नाव सांगावे. त्यांना विचारल्याशिवाय जुलाब बंद करणारी गोळीही घेऊ नये.

निरोगी माणसाला प्रोबायोटिकचा त्रास क्वचितच होतो. अतिदक्षता विभागातले रुग्ण, मोठ्या शिरेत नळी असलेले, प्रतिकारशक्ती खालावलेले आणि अपुऱ्या दिवसांची बाळे यांच्या बाबतीत मात्र हेच सूक्ष्मजीव रक्तात शिरल्याच्या नोंदी आहेत. नेदरलँड्समध्ये 2008 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांना प्रोबायोटिक दिले असता 16 टक्के दगावले, न दिलेल्यांत हे प्रमाण 6 टक्के होते. अशा रुग्णांना प्रोबायोटिक कॅप्सूल किंवा पुडी द्यायची की नाही, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते.