गव्हाला हवा लागतेच का?

"डबा घट्ट बंद केला की गहू गुदमरतो आणि त्यात किडे होतात, खरं का?"

नाही. किडा बहुतेक वेळा गव्हासोबतच घरात येतो. सोंड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडं घालते आणि वरून ते भोक बुजवते, म्हणून वाशीच्या दाणाबाजारात हातात घेतलेला गहू स्वच्छ दिसतो. उकाड्यात साधारण महिनाभरात आतला किडा दाणा पोखरून बाहेर पडतो. मग दोष डब्याला!

खरं तर हवाबंद डब्यात किडे आणि दाणे श्वासोच्छ्वासाने ऑक्सिजन संपवतात. तो पाचेक टक्क्यांखाली गेला की किडे खाणं सोडतात आणि काही आठवड्यांत मरतात. मात्र डबा काठोकाठ भरलेला हवा. अर्धा रिकामा असेल किंवा रोज उघडला जात असेल, तर हवा पुरून उरते. स्टीलच्या कोठीचं झाकणही सहसा हवाबंद नसतं. म्हणून साठवणीचा गहू जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा दाबून काढून, तोंड पिळून घट्ट बांधून कोठीत ठेवा. रोजचा वेगळ्या डब्यात.

अट एकच: ओलावा बारा टक्क्यांच्या आसपास किंवा कमी. ओला गहू बंद केला तर बुरशी आणि आंबूस वास येतो. कोरड्या बाटलीत गहू आणि कोरडं मीठ घालून हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ऊन हवं. वाळवण मे महिन्यातच उरका आणि दाणे गार झाल्यावरच भरा. जुलैत ठाण्याची दमट हवा वाळलेल्या गव्हालाही पुन्हा ओलावते.