‘लोकसंख्या’ नेमकी किती कॉलमांवर पसरलीय? स्क्रीनशॉटमधला तक्ता परत उभा करताना

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीने एका जुन्या जनगणना पुस्तिकेच्या स्कॅन केलेल्या पानाचा स्क्रीनशॉट पाठवला, म्हणाली एवढं एक्सेलमध्ये टाकून दे, दहा मिनिटांचं काम आहे. आकडे वाचायला खरंच दहा मिनिटं लागली, ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, ते बऱ्यापैकी बरोबर दिले. पण कुठला आकडा कोणाचा हे ठरवण्यात अख्खी संध्याकाळ गेली, कारण तक्त्याच्या डोक्यावर एकच ‘लोकसंख्या’ होती आणि तिच्या खाली ‘व्यक्ती, पुरुष, स्त्रिया’, शेजारी एकच ‘साक्षर’ आणि तिच्या खालीही पुन्हा ‘व्यक्ती, पुरुष, स्त्रिया’. ओसीआरच्या निकालात दोन ‘पुरुष’ होते आणि दोघांपैकी कोण कुठला याचा पत्ता नव्हता.

अडचण अशी आहे की ओसीआर शब्द देतं आणि प्रत्येक शब्दाची जागा देतं, पण घर, म्हणजे तो शब्द तक्त्याच्या कुठल्या चौकटीतला, हे देत नाही. माणूस पान बघतो तेव्हा ‘लोकसंख्या’ हा शब्द तीन कॉलमांच्या मधोमध ठेवलाय हे डोळ्याला लगेच कळतं. कॉम्प्युटरला दिसतं एवढंच की हा शब्द डावीकडून अमुक पिक्सेलवर आहे. तो मधल्या कॉलमच्या, म्हणजे ‘पुरुष’च्या, बरोबर वर येतो, त्यामुळे साधा प्रोग्राम ‘लोकसंख्या’ फक्त ‘पुरुष’ला चिकटवतो आणि ‘व्यक्ती’ आणि ‘स्त्रिया’ यांच्या डोक्यावर रिकामी घरं सोडतो. जोडलेली शीर्षकं मोडण्याचा हा सगळ्यात नेहमीचा प्रकार, आणि फाईल उघडल्यावर पहिल्या नजरेत तो चूक वाटतही नाही.

यावरचा उपाय मला फार आवडतो कारण तो उलट्या दिशेने जातो. जोडलेली घरं शोधायचीच नाहीत. आधी सगळी घरं तुटलेली आहेत असं धरायचं, तक्त्यातली प्रत्येक आडवी आणि उभी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायची आणि बारीकात बारीक जाळी बनवायची. मग जाळीतल्या प्रत्येक भिंतीपाशी जाऊन एकच प्रश्न विचारायचा, इथं मूळ चित्रात खरंच शाई आहे का? शाई असेल तर भिंत खरी, नसेल तर ती आपण ताणताना आलेली, ती पाडायची. भिंती पाडून झाल्या की उरतात ती खरी घरं.

आमच्या पानावर पाहू. चित्र साधारण ९०० पिक्सेल रुंद, कॉलम नऊ: अनुक्रमांक, तालुका, विभाग, मग लोकसंख्येचे तीन आणि साक्षरचे तीन. उभ्या रेघा २०, ६०, १८०, २७०, ३७०, ४७०, ५७०, ६७०, ७७० आणि ८७० वर (समजायला सोपं जावं म्हणून आकडे गोल केलेत). शीर्षकाच्या दोन ओळी, १०० ते १३० आणि १३० ते १६०. आता १३० वरची आडवी रेघ चित्रात २७० पासून ८७० पर्यंतच आहे, पहिल्या तीन कॉलमांत ती नाहीच. म्हणजे तिथली भिंत पाडायची, आणि ‘तालुका’ दोन ओळी उंच होतो. उभ्या ३७० आणि ४७० च्या रेघा १३० च्या खालीच सुरू होतात, वर शाई नाही, म्हणून वरच्या ओळीतली ती तीन घरं एक होतात आणि त्यात ‘लोकसंख्या’ बसते. वेबपानाच्या भाषेत याला असं लिहितात:

```html
<th rowspan="2">तालुका</th>
<th colspan="3">लोकसंख्या</th>
```

खाली मजकुरातही हेच. प्रत्येक तालुक्याला तीन ओळी, एकूण, ग्रामीण, नागरी, आणि तालुक्याचं नाव एकदाच, तीन ओळी उंच घरात.

कागदावर हे इतकं सरळ आहे, पण स्क्रीनशॉटमध्ये रेघाच धड उरत नाहीत. ए-फोर पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून, स्कॅन केलं तर ते सुमारे २४८० पिक्सेल रुंद येतं आणि पाव मिलिमीटरची रेघ त्यात तीन पिक्सेल जाड असते. तेच पान स्क्रीनवर ९०० पिक्सेलमध्ये बसवून त्याचा फोटो काढला की तीच रेघ जेमतेम एक पिक्सेल उरते, आणि ती दोन पिक्सेलच्या मधोमध पडली तर दोन्हीकडे फिकट राखाडी होऊन जाते. मग किती गडद म्हणजे शाई याची एकच मर्यादा अख्ख्या चित्राला लावून काळं-पांढरं केलं तर अक्षरं वाचतात, रेघा मरतात. म्हणून आजूबाजूचा उजेड बघून जागोजागी वेगळी मर्यादा लावणारी पद्धत वापरायची. नंतर चित्र मोठं करून काही होत नाही, गेलेली रेघ परत येत नाही, त्यामुळे जमेल तिथं मूळ स्कॅन मागून घ्या, हे मी आता प्रत्येकाला आधीच सांगतो.

तिरकेपणाही आधी काढावा लागतो. एक अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ९०० पिक्सेलच्या रुंदीवर एक अंशात रेघ जवळजवळ १६ पिक्सेल खाली सरकते आणि आमच्या पानावर एका ओळीची उंचीच २२ होती, म्हणजे डावीकडे ‘ग्रामीण’च्या ओळीत निघालेला माणूस उजवीकडे पोचेपर्यंत जवळपास ‘नागरी’त पोचतो.

आता देवनागरीची स्वतःची गंमत, जी इंग्रजी तक्त्यांसाठी लिहिलेल्या सूचनांमध्ये सापडत नाही. आडव्या रेघा शोधायची नेहमीची युक्ती अशी की एक लांब सपाट पट्टी घ्यायची आणि ती जिथं पूर्ण मावेल तेवढीच शाई ठेवायची, बाकी पुसायची. ओपनसीव्ही या चित्रं हाताळणाऱ्या लायब्ररीत ते असं, इथं ink म्हणजे शाई पांढरी आणि कागद काळा केलेलं चित्र:

```python
k = cv2.getStructuringElement(cv2.MORPH_RECT, (85, 1))
lines = cv2.morphologyEx(ink, cv2.MORPH_OPEN, k)
```

रोमन अक्षरांत सलग आडवी शाई फारशी नसते, त्यामुळे पट्टी ३०-४० पिक्सेलची असली तरी भागतं. आपल्याकडे शिरोरेघ आहे! आमच्या पानावर ‘लोकसंख्या’ची शिरोरेघ सुमारे ७० पिक्सेल सलग होती आणि ४० च्या पट्टीने ती तक्त्याची रेघ म्हणून उचलली, शीर्षकात एक भुताटकी ओळ उगवली. पट्टी ८५ केली तेव्हा शब्द गळले, आणि अनुक्रमांक सोडला, ज्याची रेघ शेजारच्या ‘तालुका’च्या रेघेशी सलगच असते, तर सगळ्यात अरुंद ‘विभाग’ कॉलम ९० चा असल्यामुळे खऱ्या रेघा वाचल्या, पण मधली जागा फक्त पाच पिक्सेलची. तुटक रेघा सांधायला गेलं की शेजारच्या दोन शब्दांच्या शिरोरेघाही सांधल्या जातात. शेवटी मी जी खूण वापरली ती सोपी आहे: घराची रेघ दोन्ही टोकांना उभ्या रेघेला टेकते, शिरोरेघ दोन्ही बाजूंनी हवेत संपते. न टेकलेली प्रत्येक रेघ बाद.

भिंत आहे की नाही याचं उत्तरही नेहमी हो किंवा नाही असं येत नाही. मी भिंतीच्या लांबीपैकी किती भागात शाई आहे ते मोजतो, ७० टक्क्यांच्या वर भिंत, २० च्या खाली मोकळं, आणि मधल्या सगळ्या संशयित. आमच्या पानावर ५७० ची उभी रेघ, लोकसंख्या आणि साक्षर यांच्यामधली, शीर्षकाच्या ओळीत जवळजवळ पुसली गेली होती आणि प्रोग्रामने सहा कॉलमांचं एकच घर करून त्यात ‘लोकसंख्या साक्षर’ असं लिहिलं. म्हणजे २० च्या खालच्या भिंतीवरही आंधळा विश्वास नको, मजकुराला विचारायचं. छापखान्यात शीर्षक घराच्या मधोमध बसवायची पद्धत असते. सहा कॉलमांचं घर २७० ते ८७०, त्याचं मध्य ५७०, आणि नेमकी तिथंच अक्षरं नाहीत. उलट ‘लोकसंख्या’चं मध्य ४२० आलं, जे २७० आणि ५७० च्या बरोबर मधे आहे, आणि ‘साक्षर’चं ७२०, जे ५७० आणि ८७० च्या मधे. खाली ‘व्यक्ती, पुरुष, स्त्रिया’ हा क्रम दोनदा येतो हाही पुरावाच. भिंत परत उभी केली. दुसरी खूण म्हणजे आकार, जोडलेलं घर नेहमी आयत असतं. भिंती पाडून कुठं इंग्रजी एल सारखा आकार आला तर एखादी भिंत चुकून पडलीय किंवा चुकून राहिलीय, यात शंकाच नको.

रेघाच नसलेल्या तक्त्यात हा मध्य जुळवण्याचा हिशेब एवढाच हातात राहतो, आणि शीर्षक डावीकडे चिकटवलेलं असेल तर तोही जातो.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२१ मध्ये शास्त्रीय लेखांमधले जवळपास दहा लाख तक्ते गोळा करून मॉडेल शिकवायला खुले केले, त्यात पसरलेलं घर ही वेगळी ओळखायची गोष्ट ठेवलीय. पण त्यांनाही आधी हेच निस्तरावं लागलं की मूळ फायलींमध्येच जोडलेली शीर्षकं पुष्कळदा तुटक, रिकाम्या घरांसकट लिहिलेली होती. आणि ते तक्ते थेट पीडीएफ फायलींतून आलेले, स्वच्छ, त्यामुळे आपल्या पिवळ्या मराठी पानावर ते मॉडेल जसंच्या तसं चालेल असं मी धरून चालत नाही.

घरं मिळाली की सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी घरं वेगळी करणाऱ्या साध्या मजकुराच्या फाईलीत, टाकताना जोडणी उलगडावी लागते, कारण तिथं जोडलेलं घर ही चीजच नाही. शीर्षक वरून खाली वाचून ‘लोकसंख्या_पुरुष’, ‘साक्षर_पुरुष’ असं सलग नाव करायचं आणि तालुक्याचं नाव तिन्ही ओळींत उतरवायचं. इथं एक चूक फार महागात पडते. रिकाम्या घरात वरची किंमत भरून टाका ही आज्ञा लोक अख्ख्या तक्त्याला देतात. ती फक्त डावीकडच्या नावांच्या कॉलमांना द्यायची. नागरी वस्ती नसलेल्या तालुक्यात ‘नागरी’ची ओळ कोरी असू शकते, तिथं वरची ग्रामीण लोकसंख्या भरली गेली तर एक अख्खं शहर हवेतून तयार होतं. पान बदलतं तिथंही बघा, तालुक्याचं नाव आधीच्या पानावर राहतं आणि नव्या पानाची पहिली ओळ बेवारस होते.

तपासणीसाठी जनगणनेचा तक्ता स्वतःच मदत करतो. समजा एका तालुक्याचं असं निघालं (आकडे मी बनवलेत):

```
विभाग    व्यक्ती     पुरुष    स्त्रिया
एकूण    १,८४,२५०  ९३,४१०  ९०,८४०
ग्रामीण  १,४२,१३०  ७१,६२०  ७०,५१०
नागरी     ४२,१२०  २१,७९०  २०,३३०
```

आडवं पुरुष अधिक स्त्रिया म्हणजे व्यक्ती, उभं ग्रामीण अधिक नागरी म्हणजे एकूण. ओसीआरने नागरी पुरुष २१,७९० ऐवजी २९,७९० वाचले, १ चा ९ होणं नेहमीचंच, तर नागरीची आडवी बेरीज आणि पुरुषांची उभी बेरीज दोन्ही ८,००० ने चुकतात आणि जिथं दोघी छेदतात ते घर दोषी. कडेच्या बेरजेचा आकडा चुकला तरी दोनच बेरजा चुकतात, कारण प्रत्येक आकडा एका आडव्या आणि एका उभ्या बेरजेत असतो. आणि ओळीमागून ओळ सगळ्याच चुकायला लागल्या तर आकडे सोडा, कॉलम सरकलाय, परत भिंतींकडे जा.

बेरजेला एक गोष्ट मात्र दिसत नाही. पुरुष आणि स्त्रिया यांची नावं आपसात बदलली तरी बेरीज तीच येते. लोकसंख्या आणि साक्षर हे दोन गट बदलले तरीही येते, फक्त तिथं साक्षर लोक लोकसंख्येपेक्षा जास्त निघतात म्हणून पकडता येतं. पुरुष-स्त्रियांच्या अदलाबदलीला असा आडाखा नाही, स्त्रिया जास्त असलेले तालुकेही असतातच. म्हणून मैत्रिणीला फाईल पाठवण्याआधी मी मूळ चित्र शेजारी उघडलं आणि शीर्षकाच्या त्या नऊ नावांवरून एकेक करून बोट फिरवलं.