हप्ता थकला म्हणून अटक होते का?

"पर्सनल लोनचे तीन हप्ते थकलेत. वसुलीवाला म्हणतो, उद्या पोलीस घरातून उचलतील. खरंय का हे?"

नाही. नुसता हप्ता थकणं हा दिवाणी मामला आहे, त्यात पोलीस वसुलीला येत नाहीत. चेक किंवा ऑटो-डेबिट शिल्लक नसल्यानं परतला, तर मात्र फौजदारी तक्रार होऊ शकते. पण तिथंही आधी लेखी नोटीस येते आणि ती मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात. त्यामुळं पोस्टमन नोटीस घेऊन आला तर ती नाकारू नका. खरा कागद तोच.

समजा, राजारामपुरीतल्या दुकानदाराला रात्री नऊला फोन आला. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार थकबाकीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. त्यानं आवाज न चढवता एवढंच म्हणावं: "तुमचं नाव, एजन्सी आणि बँकेचं अधिकारपत्र पाठवा. उद्या दिवसा बोलू." मग कॉलची वेळ टिपून बँकेच्या तक्रार विभागाला ई-मेल करावा. त्यातच किती रक्कम कधी भरणार, तेही लिहावं. एजंटाच्या खात्यावर पैसे टाकू नयेत. ३० दिवसांत बँकेनं दाद दिली नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते. कर्ज आणि व्याज मात्र त्यानं माफ होत नाही.