सनई, सतार की सरोद?

शब्दकोड्याचा मोबाइलवर काढलेला फोटो संगणकाला सोडवायला दिला, की त्याची पहिली अडचण भाषेची नसते, भूमितीची असते. फोटो तिरका आलेला असतो, त्यामुळे चौरस चौकट पतंगासारखी दिसते. मग प्रोग्राम पानावरचा सगळ्यांत मोठा चौकोन शोधतो, त्याचे चार कोपरे धरतो आणि आतलं चित्र ताणून पुन्हा चौरस करतो. मात्र घडीमुळे कागद फुगलेला असेल, तर चार कोपरे बरोबर बसूनही मधल्या रेघा वाकड्याच राहतात. अशा वेळी पान सपाट करून पुन्हा फोटो काढणं बरं.

नंतर प्रत्येक घराचा फक्त मधला भाग तपासायचा: काळा की पांढरा? कडेला रेघा असतात आणि कोपऱ्यात बारीक आकडा, म्हणून तिकडे बघायचं नाही. तो आकडा वाचायची गरजही पडत नाही, कारण आकडे नियमाने येतात. ज्या पांढऱ्या घराच्या डावीकडे काळं घर किंवा कड आहे आणि उजवीकडे पांढरं घर आहे, तिथे आडवा शब्द सुरू होतो. उभ्याचंही तसंच, वर आणि खाली बघून.

तीन बाय तीनची चौकट घेऊ, मधलं एकच घर काळं. नियम लावला, की आडवे शब्द १ आणि ३, उभे १ आणि २. आता मधल्या काळ्या घरावर दिव्याची चमक पडली आणि ते पांढरं वाचलं गेलं, तर तोच नियम तीन आडवे, तीन उभे शब्द मोजतो. खाली छापलेले संकेत मात्र दोन-दोनच. चूक फोटो वाचण्यात आहे, हे एकही शब्द न भरता कळलं.

आता संकेत बघू. आडवा १: कमळ. उभा १: वाद्य. उभा २: नाक्यावर मालावर घेतला जाणारा कर. आडवा ३: चांदी. सगळे शब्द तीन अक्षरी.

कमळासाठी पंकज, सरोज, राजीव, नलिनी. वाद्यासाठी तबला, सनई, सतार, सरोद, नगारा. दोन्ही शब्दांचं पहिलं घर एकच आहे, म्हणजे पहिलं अक्षर जुळायलाच हवं. ‘स’ आणि ‘न’ एवढीच अक्षरं दोन्ही याद्यांत सापडतात. पंकज, राजीव आणि तबला गेले. नलिनी आणि नगारा एकमेकांच्या आधाराने टिकले.

करासाठी यादीत जकात आणि खंडणी. कमळाच्या शेवटच्या घरातून हा शब्द खाली उतरतो, तेव्हा त्या घरात ‘ज’ किंवा ‘खं’ हवा. नलिनी संपते ‘नी’ने, म्हणून ती गेली, उरला सरोज, आणि त्याच्या ‘ज’मुळे जकात पक्की. गंमत पुढे आहे. नगाऱ्याचा कराशी काही संबंध नाही, पण त्याला धरून ठेवणारी नलिनीच गेल्यामुळे आता तोही जातो. एक शब्द खोडला, की त्याच्या शेजाऱ्यांची यादी पुन्हा तपासायची आणि काही खोडायचं उरत नाही तोवर हे चालू ठेवायचं, एवढाच हा खेळ. चांदीसाठी रजत आलं, वाद्याचं शेवटचं अक्षर ‘र’ ठरलं, आणि सनई, सतार, सरोद यांतून सतार निघाली.

मराठीत एक जुळणी इंग्रजीपेक्षा जास्त काम करते. इंग्रजी घरात २६ पर्याय. आपल्याकडे घरात अख्खं अक्षर बसतं, आणि नुसत्या बाराखडीतच चारशेच्या आसपास पर्याय होतात, जोडाक्षरं वेगळीच. पण इथेच प्रोग्राम फसतात. ‘स्त्री’ एका घरात मावते, संगणकाच्या साठवणीत मात्र ती सहा चिन्हं असते: स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी. चिन्हं मोजणारा प्रोग्राम ‘जकात’लाही चार घरं मागेल. आधी चिन्हांची अक्षरं बांधायची आणि मगच लांबी मोजायची. शिवाय कोडं रचणाऱ्याने एका शब्दात ह्रस्व आणि छेदणाऱ्या शब्दात दीर्घ धरलं, तर दोन्ही उत्तरं बरोबर असूनही जुळणी ‘नाही’ म्हणते. म्हणून वेलांटी-उकाराच्या फरकाला थोडी सूट द्यावी लागते.

यादीत खरं उत्तरच नसेल, तर कडक खोडाखोडीत सगळंच रिकामं होतं. उभ्या १ च्या यादीत सतार नसती, तर ‘र’ने संपणारं वाद्यच उरलं नसतं आणि दोष निष्पाप रजतवर गेला असता. म्हणून जाणते प्रोग्राम शब्द खोडत नाहीत, गुण देतात आणि एखादं घर अनोळखी राहू देतात. मॅट गिन्सबर्ग यांचा डॉ. फिल हा प्रोग्राम असंच गुणांवर चालतो. २०१२ साली अमेरिकेतल्या शब्दकोडे स्पर्धेत तो १४१व्या जागी आला होता, कारण काही कोड्यांत शब्द उलटे किंवा तिरके लिहायचे होते. २०२१ मध्ये बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर मिळून तो पहिला आला.

अमेरिकी कोड्यात प्रत्येक घर दोन शब्दांत असतं. आपल्या छोट्या चौकटीत चारच घरं तशी आहेत. कमळाच्या जागी कुणी ‘समाज’ लिहिला, तरी ‘स’ आणि ‘ज’ जुळतात आणि छेद गप्प बसतात. मधल्या ‘रो’ची साक्ष द्यायला ‘कमळ’ हा संकेत सोडून दुसरं कुणीच नाही.